गोबर गॅसची स्लरी : लिटरऐवजी किलोत मोजून वापरल्यावरचा दोन हंगामांचा अनुभव

संयंत्र दोन घनमीटरचं, दीनबंधू पद्धतीचं. रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे बाहेर रोज साधारण १०० लिटर स्लरी. आधी ती ‘जिथं पाट जाईल तिथं’ सोडली जायची. दोन रब्बी हंगाम ती नत्र-स्फुरद-पालाशच्या हिशोबात बसवून गव्हाला दिली. स्लरी उपयोगी आहे का, हा इथं प्रश्न नाही. ती दिल्यावर गोणीतलं खत नेमकं किती कमी करायचं, तेवढंच लिहितो.

सगळ्यात मोठी चूक शेतात होत नाही, तपासणीच्या कागदावर होते. स्लरीत नत्र १.८ टक्के असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं. ते वाळलेल्या स्लरीचं असतं. ओली स्लरी म्हणजे ९३-९४ टक्के पाणीच. हा आकडा ओल्याला लावला तर हजार लिटरमध्ये १८ किलो नत्र निघतं आणि हिशोब पंधरापटीच्या आसपास चुकतो. म्हणून नमुना देतानाच सांगावं: तपासणी ओल्या नमुन्यावर करा, एकूण नत्र आणि अमोनिया रूपातलं नत्र वेगळं द्या. आधी वाळवून मग तपासलं तर अमोनिया वाळवतानाच उडतो, म्हणजे पिकाला लगेच मिळणारा भागच कागदावर येत नाही. दुसरी गोष्ट, कागदावर P आहे की P₂O₅ ते पाहावं. खताच्या शिफारशी P₂O₅ आणि K₂O मध्ये असतात, त्यामुळे P ला २.२९ ने आणि K ला १.२ ने गुणायचं.

नमुना घेताना वरवरचं पातळ पाणी भरू नये. स्फुरद गाळात बसतो आणि पालाश पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे वरचा नमुना एक सांगतो आणि तळाचा दुसरंच. खड्डा बांबूने ढवळून, चार-पाच दिवस थोडं थोडं घेऊन एकत्र करावं. बाटली पूर्ण भरू नये, आत गॅस होतो आणि झाकण उडतं.

आमच्या ओल्या नमुन्यात हजार लिटरमागे एकूण नत्र १.५ किलो (त्यातलं अमोनियाचं ०.५), स्फुरद ०.८ आणि पालाश १ किलो धरता येईल असं आलं. हे आकडे दुसऱ्याने उचलू नयेत. शेणात पाणी दुप्पट पडलं की सगळंच पातळ होतं. ते ओळखायला एक किलो ढवळलेली स्लरी पसरट ताटात घेऊन उन्हात पूर्ण वाळवावी आणि उरलेलं वजन करावं. साठ-सत्तर ग्रॅम उरलं तर ठीक. चाळीसच उरलं तर वरचे आकडे त्याच प्रमाणात खाली आणावेत, किंवा शेण कालवताना पाणी घालायला हात आखडावा.

आता मुख्य मुद्दा. हजार लिटरमध्ये दीड किलो नत्र आहे म्हणून पिकाला दीड किलो मिळत नाही. अमोनियाचा अर्धा किलो लगेच कामाचा, पण संध्याकाळी टाकून लगेच वखर फिरवला तरी त्यातला ऐंशी टक्के हाती लागतो असं धरावं, म्हणजे ०.४. उरलेला एक किलो सेंद्रिय नत्र. तो हळूहळू सुटतो, पहिल्या पिकाला त्यातला पाव हिस्सा धरायचा, ०.२५. एकूण ०.६५ किलो. ही टक्केवारी जमीन आणि तापमानाप्रमाणे हलते, पण नियोजनाला पुरते.

उदाहरण २० गुंठ्यांचं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० ही नेहमीची मात्रा, म्हणजे २० गुंठ्यांना २४:१२:८ किलो. (माती परीक्षण असेल तर त्यातलाच आकडा घ्यावा.) सगळं नत्र स्लरीतून द्यायचं ठरवलं तर २४ भागिले ०.६५, म्हणजे जवळपास ३७ हजार लिटर. ही संयंत्राची अख्ख्या वर्षाची स्लरी झाली! शिवाय तिच्याबरोबर स्फुरद ३० किलो आणि पालाश ३७ किलो जातो, गरज १२ आणि ८ ची. ‘नत्र स्लरीतूनच देऊ’ हा बेत इथंच मोडतो.

म्हणून उलटं चाललो. पेरणीआधी ५० दिवस साठवलेली ५,००० लिटर स्लरी हातात आहे, ती काय देते? नत्र ३.२५, स्फुरद ४, पालाश ५ किलो. गरजेतून वजा केल्यावर उरलं २०.७५, ८ आणि ३. स्फुरदासाठी डीएपी साडेसतरा किलो, त्यातून नत्र ३ किलोच्या वर मिळतं. बाकीच्या नत्राला युरिया ३८ किलो, पालाशला म्युरेट ऑफ पोटॅश ५ किलो. स्लरी नसती तर डीएपी २६, युरिया ४२ आणि पोटॅश १३ किलो लागलं असतं.

बचत पाहा: युरिया फक्त चार किलो, डीएपी साडेआठ, पोटॅश आठ. स्लरीला लोक ‘द्रवरूप युरिया’ समजतात, पण पैसा वाचतो तो डीएपी आणि पोटॅशचा. तोही जमिनीवर अवलंबून. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बऱ्याचदा आधीच भरपूर असतो, मग त्या आठ किलोंचं कौतुक नको. आणि स्लरी दिली म्हणून युरिया निम्मा केला तर फुटव्याच्या वेळी खालची पानं पिवळी पडतात. स्लरी ‘गरम’ किंवा ‘थंड’ पडली म्हणून नाही, बेरीज चुकली म्हणून.

स्फुरदाची ही वजावट फक्त पेरणीआधी मातीत मिसळलेल्या स्लरीला करावी. नंतर पाण्याबरोबर सोडलेल्या स्लरीचा स्फुरद वरच्या थरात अडकतो, तो पुढच्या पिकाच्या खात्यात टाकलेला बरा.

मोजून टाकणं सोपं. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. वीस गुंठ्यांना ५,००० लिटर म्हणजे गुंठ्याला २५० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचा सव्वा ड्रम. जमिनीवर जेमतेम अडीच मिलिमीटर थर होतो. पाटाच्या पाण्याबरोबर सोडली की तोंडाजवळच्या वाफ्यात गाळ बसतो, शेवटच्या वाफ्याला नुसतं रंगीत पाणी जातं. उगवणीनंतर पट्ट्यापट्ट्याने हिरवा फरक दिसला तर कारण हेच. पेरणीआधी ड्रमने, गुंठ्यागुंठ्याने टाकावी आणि वखरून चार-पाच दिवसांनी पेरावं. ताज्या दाट स्लरीला बी चिकटून राहिलं तर उगवणीला त्रास होतो.

दुपारच्या उन्हात टाकून तशीच सोडली तर अमोनियातला निम्म्याहून जास्त उडू शकतो. चाळीस टक्केच हाती लागला असं धरलं तर ५,००० लिटरमागे नुकसान एक किलो नत्राचं, दोन-सव्वादोन किलो युरिया. त्यासाठी जीव टाकायची गरज नाही, पण टाकल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर तो अमोनियाच.

खड्ड्यावर पत्रा किंवा पाचटाचं छप्पर मात्र हवं. परतीचा पाऊस आत पडला तर ५,००० लिटर मोजून निघतात, पण अन्नद्रव्यं चार हजारांचीच असतात. पेरणीआधी पाऊस झाला की ताटातली चाचणी पुन्हा करावी, आणि वाळलेलं वजन कमी भरलं तर डीएपी त्या हिशोबाने वाढवावं.