लॉगरिथम शिकवण्यासाठी भूकंप घ्यावा की तारे?

दहावीनंतरच्या मुलांना लॉग शिकवताना पुस्तकातली गणिते संपली की व्यवहारातले एक उदाहरण हवे असते, आणि ते बहुधा दोनच ठिकाणांहून येते : भूकंपाचा रिश्टरचा आकडा किंवा ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाचा आकडा. सातारा जिल्ह्यात भूकंपाचे पारडे आधीच जड असते. पाटण आणि कोयनानगरकडच्या मुलांच्या घरी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोणीतरी सांगितलेली असते, त्यामुळे विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. मीही बरीच वर्षे भूकंपच घेत असे. आता मी ताऱ्यांपासून सुरुवात करतो. हा निर्णय प्रत्येक शिक्षकाला पटेलच असे नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

दोन्ही मोजपट्ट्या लॉगच्या का, याचे उत्तर दोन्हीकडे जवळपास सारखे आहे. १९३५ साली चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातले भूकंप मोजायला घेतले, तेव्हा यंत्राच्या सुईने काढलेल्या रेघांच्या उंचीत इतका फरक होता की सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी रेघ एका आलेखावर बसेना. त्यांचे सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी उंचीचा लॉग घेण्याचे सुचवले. ताऱ्यांच्या बाबतीत सूर्य आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा तारा यांच्या प्रकाशात सुमारे १२ लाख कोटी पटींचा फरक आहे, तो प्रतींमध्ये जेमतेम ३३ अंकांत मावतो. शिवाय डोळा ढोबळमानाने फरक मोजत नाही, पट मोजतो. म्हणूनच प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने डोळ्यांच्या अंदाजाने केलेल्या ताऱ्यांच्या सहा वर्गांवर नॉर्मन पॉगसन यांना १८५६ मध्ये नेमका नियम बसवता आला : पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट प्रकाश, म्हणजेच एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. (हेच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले.) रिश्टर यांना तारे पाहण्याचा छंद होता आणि त्यांनी आपल्या मापाचे इंग्रजी नाव ताऱ्यांच्या प्रतीवरूनच घेतले, तेव्हा ही दोन्ही उदाहरणे तशी एकाच घरातली आहेत.

भूकंपाच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आमच्याकडे धक्का बसला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘लहान धक्के होऊन गेले ते बरे झाले, जोर ओसरला.’ हे विधान फळ्यावर तपासायला लॉगसारखे साधन नाही. समजा धक्का ३ चा होता आणि १९६७ चा भूकंप ६.३ चा धरला, तर फरक ३.३ येतो. ऊर्जेसाठी या फरकाला दीडने गुणायचे आणि तेवढा दहाचा घात घ्यायचा : १० चा ४.९५ वा घात, म्हणजे सुमारे ८९ हजार. तेवढ्या उर्जेसाठी ३ चे ८९ हजार धक्के बसावे लागतील. हे उत्तर निघाले की वर्ग काही क्षण गप्प होतो आणि आपली समजूत कुठे चुकली ते मुलांना स्वतःच दिसते.

माझी अडचण सुरू झाली ती याच ६.३ या आकड्यापाशी. एका वर्षी मी कोयनेचा ६.३ आणि २००१ च्या भुजचा ७.७ यांची तुलना घेतली. फरक १.४. ‘किती पट?’ असे विचारल्यावर अर्ध्या वर्गाने १० चा १.४ वा घात काढून २५ सांगितले, उरलेल्यांनी दीडने गुणून १० चा २.१ वा घात, म्हणजे १२६ सांगितले. दोन्ही उत्तरे बरोबर होती. पहिले जमिनीच्या थरथरीची रेघ किती उंच उठते याचे, दुसरे बाहेर पडलेल्या उर्जेचे. एकाच आकड्याच्या पोटात दोन वेगळे ‘पट’ असतात हे समजावताना अर्धा तास गेला आणि लॉग बाजूलाच राहिला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने घरातले जुने कात्रण आणले. त्यात कोयनेचा आकडा ६.५ होता. तोही अनेक ठिकाणी छापलेला आहे, कारण सुईच्या रेघेवरून काढलेले, पृष्ठभागावरच्या लाटांवरून काढलेले आणि खडक किती क्षेत्रात किती सरकला यावरून काढलेले आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ६.५ धरला की फरक १.२ होतो आणि ऊर्जा १२६ पट न राहता ६३ पट होते. आकड्यात ०.२ चा किरकोळ फरक, पण उत्तर थेट निम्मे! मुलांनी विचारले, ‘सर, मग खरे कुठले?’ त्यांना भूकंपशास्त्र शिकवणे हा माझा तास नव्हता. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

ताऱ्यांनाही खोड आहे, आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच आडवी येते. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि व्याधाचा आकडा तर शून्याच्याही खाली, उणे १.४६. ध्रुव १.९८. वजाबाकी करताना उणे चिन्ह सांभाळले नाही तर फरक ३.४४ ऐवजी ०.५२ येतो, आणि व्याध ध्रुवापेक्षा जेमतेम दीडपट तेजस्वी ठरतो. पण ही चूक लगेच पकडता येते, कारण मूल वर पाहते आणि म्हणते, ‘हे शक्य नाही.’ योग्य फरकाला ०.४ ने गुणून दहाचा घात घेतला की सुमारे २४ पट येते, आणि ते डोळ्यांना पटते. इथे ‘पट’ एकच आहे, डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची. शिवाय ध्रुवाची प्रत एका पुस्तकात १.९८ आणि दुसऱ्यात २ असली तरी उत्तर दोन टक्क्यांनीच हलते.

मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण मृग नक्षत्रातल्या काक्षीचे. हा तांबूस तारा एरवी ०.५ च्या आसपास असतो, पण फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत मंदावला. तेव्हा मी घराच्या गच्चीवरून तो मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरच्या १.६४ प्रतीच्या ताऱ्याशी ताडून पाहत असे, आणि दोघे जवळपास सारखे दिसत. एरवी ही तुलना करायचे मनातही येणार नाही. फरक १.१, गुणिले ०.४ म्हणजे ०.४४, आणि दहाचा तेवढा घात २.७५. म्हणजे नेहमीच्या प्रकाशापैकी जेमतेम ३६ टक्के उरला होता. हे गणित फळ्यावर चार ओळींत संपते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. अगस्त्य पुस्तकात उणे ०.७४ आहे, म्हणजे व्याध त्याच्या सुमारे दुप्पट तेजस्वी. साताऱ्याहून अगस्त्य दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त वीस अंशांच्या आतच चढतो, आणि तेवढ्या जाड हवेतून येताना त्याची साधारण अर्धी प्रत तरी गळते, धुरकट संध्याकाळी त्याहून जास्त. त्यामुळे मुले ‘दुप्पट नाही, तिप्पट वाटतो’ असे म्हणतात, आणि ती चुकीचे बोलत नसतात. म्हणून तुलनेसाठी दोन तारे निवडताना ते आकाशात साधारण सारख्या उंचीवर असलेले बघावे.

वेळ मिळाला तर तिसऱ्या तासाला मी कोयनेकडे वळतो, पण प्रश्न विचारतानाच ‘उर्जेच्या किती पट?’ असे स्पष्ट लिहितो आणि ६.३ व ६.५ हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो.