विंडोजवाला लॅपटॉप की डॉसवाला?

तीन वर्षांपूर्वी मी साडेपाच हजार वाचवून डॉसवाला, म्हणजे विंडोज न टाकलेला लॅपटॉप घेतला. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी घेताना मात्र विंडोजवाला घेतला. दोन्ही मीच सुरू करून दिले, म्हणून हे लिहितोय.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावला, तर इन्स्टॉलरला डिस्कच सापडेना. एसएसडी बिघडली असेल म्हणून मी दुकानात परत न्यायला निघालो होतो. डिस्क ठणठणीत होती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळणारं इंटेलचं स्वतःचं तंत्र, चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नसतो. तो कंपनीच्या साइटवरून उतरवायचा, exe उलगडून आतलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं आणि Load driver दाबून ते दाखवायचं. हे करायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. मी शेजाऱ्यांकडे गेलो. काही लॅपटॉपमध्ये व्हीएमडी बायोसमधून बंद करता येतं, पण ते विंडोज टाकण्याआधीच करा. नंतर बंद केलंत तर विंडोज चालूच होत नाही.

पुढे टचपॅड चालेना आणि वाय-फायही दिसेना, आणि सेटअप तर इंटरनेटशिवाय पुढे सरकत नव्हता. यूएसबी माउस लावला, मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, तेव्हा गाडी पुढे गेली. सगळा रविवार यातच गेला.

लायसन्सचं म्हणाल, तर होम आवृत्तीचं रिटेल लायसन्स दहा हजारांच्या आसपास जातं, म्हणजे बचत उलटीच. मी ऑनलाइन सहाशे रुपयांची की घेतली. आठ महिन्यांनी कोपऱ्यात Activate Windows उमटलं. मग ही कमांड चालवली:

```
slmgr /dli
```

उत्तरात VOLUME_MAK दिसलं. संस्थांना अनेक कॉम्प्युटरसाठी दिली जाणारी ही की मला सुटी विकली होती. घेतल्या दिवशीच बघायला हवं होतं. रिटेल असेल तर तिथे RETAIL दिसतं, लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर OEM_DM.

रिटेल लायसन्स पुढच्या लॅपटॉपवर नेता येतं, सोबत आलेलं त्याच मशीनला बांधलेलं असतं, हेही खरं. आणि लिनक्सच वापरणार असाल तर डॉसवालाच घ्या. माझ्या त्याच लॅपटॉपवर उबुंटूला डिस्क, वाय-फाय आणि टचपॅड पहिल्या झटक्यात सापडले, फक्त फिंगरप्रिंट चाललं नाही.

पण विंडोजच लागणार असेल, तर माझ्या मते ते साडेपाच हजार देऊन टाकावेत. बहिणीच्या लॅपटॉपची एसएसडी मध्यंतरी बदलली. या वेळी व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवला होता. विंडोज नव्याने टाकलं, पण कीची आठवणही काढावी लागली नाही. ती फर्मवेअरमध्येच असते. नेट जोडल्यावर विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं.