सात महिन्यांनंतर: सर्वोचा गेन स्क्रीनवर 40, प्रत्यक्षात 20

सीलंट लावणाऱ्या मशीनवर 400 वॉटचा सर्वो आणि 20 मिमी लीडचा बॉलस्क्रू सात महिने रोज चालवतोय. पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. मग आम्ही स्लाइडवर 9 किलोचं नवं फिक्स्चर बसवलं आणि प्रत्येक थांब्यावर सीलंटची गुठळी पडू लागली. नोझल थोडं पुढे जाऊन मागे यायचं, दोन-तीनदा हलायचं, मग स्थिरावायचं. ड्राइव्हमधल्या सेटिंगला कुणी हातही लावला नव्हता.

अ‍ॅक्सिस ढिला पडलाय असं वाटून मी पोझिशन गेन, म्हणजे जागेच्या चुकीला ड्राइव्ह किती जोरात उत्तर देतो ते, 60 वरून 90 केला. हलणं आणखी वाढलं.

ड्राइव्हमध्ये तीन लूप एकात एक असतात. पोझिशन लूप वेग मागतो, स्पीड लूप टॉर्क मागतो आणि करंट लूप तो मोटरमध्ये उतरवतो. बाहेरचा प्रत्येक लूप धरून चालतो की मागितलेलं लगेच मिळतंय. आतल्याला उशीर झाला की बाहेरच्याला चूक तशीच दिसते, तो मागणी रेटत राहतो, आणि वेग हाती येईपर्यंत थांबायची जागा निघून गेलेली असते. करंट लूप साधारण हजार हर्ट्झचा, त्यामुळे तिथे आमच्याकडे भरपूर अंतर होतं. घोळ बाहेरच्या दोघांत होता.

स्पीड गेन 40 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 251 रेडियन. पोझिशन गेन 60 असताना हे चौपटीहून थोडं जास्त. चौपटीला ओव्हरशूट जेमतेम संपतो, त्याखाली तो सुरू होतो. पण स्क्रीनवरचे 40 हर्ट्झ खरे ठरतात ते इनर्शिया रेशो, म्हणजे मोटरच्या जडत्वाच्या तुलनेत लोडचं जडत्व, बरोबर भरला असेल तरच. आमचा रेशो 200 टक्के भरलेला होता, फिक्स्चरनंतर तो 500 च्या आसपास गेला. मोटरचे स्वतःचे 100 धरले की एकूण 300 चे 600 झाले. तेवढ्याच टॉर्कला दुप्पट जडत्व, म्हणून स्पीड लूप खरा 20 हर्ट्झवर आला. चौपट होतं ते दुप्पट झालं, आणि मी 90 केल्यावर दीडपटही उरलं नाही.

पकडलं ते जॉग मोडमध्ये. तिथे पोझिशन लूप नसतो. अ‍ॅक्सिस जॉगला स्वच्छ थांबला, पोझिशन मोडमध्ये हलला, म्हणजे दोन लूप एकमेकांच्या फार जवळ आलेत. रेशो 500 केला, पोझिशन गेन परत 60 वर आणला. हलणं थांबलं, पण कपलिंगमधून शिट्टी येऊ लागली. अशा वेळी स्पीड गेन उतरवायचा मोह होतो. तो उतरवला की तेच अंतर पुन्हा कमी होतं, म्हणून मी शिट्टीच्या फ्रिक्वेन्सीवर, तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा नॉच फिल्टर लावला.

माझी एकच खरी तक्रार: रेशो चुकला तरी सॉफ्टवेअर 40 हर्ट्झच दाखवत राहतं. 60 वर 300 मिमी प्रति सेकंदाला 5 मिमी फॉलोइंग एरर राहतो, म्हणजे चालताना अ‍ॅक्सिस मागितलेल्या जागेच्या तेवढा मागे असतो. तो मी स्पीड फीडफॉरवर्डने कमी केलाय, कारण फीडफॉरवर्ड लूपच्या बाहेरून येतो आणि स्थिरतेला धक्का लावत नाही. फिक्स्चर बदललं की ऑटो-ट्यूनमधून रेशो पुन्हा मोजायचा, असं मशीनच्या दारावर मार्करने लिहून ठेवलंय.