वहीतला पिवळा रंग मार्कडाउनमध्ये उतरवताना: पावसाळाभर वापरून झाल्यावर

मार्कडाउन कशाशी खातात हे इथे वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. दोन स्टारमध्ये मजकूर घातला की ठळक, एका स्टारमध्ये घातला की तिरपा. स्पर्धा परीक्षांसाठी हातानं काढलेल्या गोव्याच्या इतिहास-भूगोलाच्या नोट्स टाइप करायच्या, आणि हायलाइट, खालची रेघ आणि समासातली चांदणी या वहीतल्या तिन्ही खुणा जशाच्या तशा त्यात आणायच्या, या एकाच कामासाठी मी ते पावसाळाभर वापरलं. फुकट आहे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. तरीही आज लिहायला बसण्याचं कारण राग आहे. झेरॉक्सवाल्याकडून छापून आलेल्या गठ्ठ्यात जागोजागी ठळक अक्षरांऐवजी नुसते स्टार छापले गेले होते. पैसे गेले, पानं वाया गेली.

चूक टायपिंगची नव्हती. या ओळी बघा:

```
**गोवा मुक्ती (1961)**नंतर
**3,702 चौ.कि.मी.**चे क्षेत्रफळ
**50%**पेक्षा जास्त मते
```

तिन्ही ठिकाणी उघडायचे दोन स्टार आहेत, मिटायचेही दोन आहेत, मध्ये फाजील जागा नाही. तरी एकही ठळक होत नाही. कॉमनमार्क ही मार्कडाउनची जी नियमावली बहुतेक ॲप पाळतात, तिच्यात याचं कारण आहे. मिटणाऱ्या स्टारच्या अगोदर विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्हच यायला हवं. तिथे अक्षर आलं तर ते स्टार मिटणारे धरलेच जात नाहीत. कंस, टिंब, अवतरणचिन्ह आणि टक्क्याची खूण ही सगळी विरामचिन्हं. इंग्रजीत कंसानंतर जागा येतेच, त्यामुळे तिथे हा नियम कोणाच्या वाटेला जात नाही. आपल्याकडे प्रत्यय चिकटून येतो: नंतर, मध्ये, चे, ला, पेक्षा. इतिहासाच्या नोट्समध्ये हायलाइट नेमका सनावळीवर असतो, सनावळी कंसात असते आणि कंसाला प्रत्यय लागलेला असतो. म्हणजे ज्या जागी ठळक अक्षर सगळ्यात जास्त हवं, तिथेच ते हटकून फसतं. मराठीत नोट्स उतरवणाऱ्याला हा दोष बाकी सगळ्या गुणांवर पाणी ओतणारा वाटतो, आणि तसा तो आहेच.

काही जण प्रत्ययाच्या अगोदर न दिसणारी शून्य रुंदीची जागा घालायला सांगतात. त्यानं काम होत नाही. युनिकोडमध्ये ते चिन्ह (U+200B) मोकळ्या जागेत मोडत नाही, त्यामुळे नियम जिथल्या तिथे राहतो. खरी जागा घातली तर ठळक होतं, पण मग ‘1961) नंतर’ असा प्रत्यय तुटून पडतो आणि शुद्धलेखन बिघडतं. `<strong>` टॅग लिहिला तर हमखास चालतं, पण शंभर पानांत तो हातानं टाइप करत बसणं जिवावर येतं, आणि फाइल वाचायला जड होते.

उपाय साधा आहे: विरामचिन्हं स्टारच्या बाहेर ठेवायची.

```
**गोवा मुक्ती** (**1961**)नंतर
"**ऑपरेशन विजय**"मध्ये
**50 टक्क्यांपेक्षा** जास्त मते
```

पहिल्या ओळीत मिटणाऱ्या स्टारच्या अगोदर 1 हा अंक आहे, अक्षर किंवा अंक असला की नियमाची हरकत नसते. कंस हलका राहतो आणि साल ठळक होतं. वहीत पिवळा पट्टा कंसावरूनही गेलेला असेल, पण वाचताना डोळा सालच शोधतो. कंस ठळक नसल्यानं काही अडत नाही. चौ.कि.मी. सारख्या टिंबाच्या संक्षेपाला प्रत्यय लावायचाच असेल तर संक्षेप सोडून ‘चौरस किलोमीटरचे’ असं पूर्ण लिहावं.

याच्या उलट एक गंमत प्रत्ययाचीच. पेनानं रेघ मूळ शब्दाखाली ओढलेली असते आणि प्रत्यय मोकळा सोडलेला असतो. ती तशीच उतरवायला गेलं की ‘पोर्तुगीजांनी’ या शब्दात स्टार ज च्या पुढे मिटतात आणि काना-अनुस्वार बाहेर उघडा पडतो. ठळक आणि साधा असे दोन तुकडे वेगळे मांडले जात असल्यामुळे त्या कान्याला आधार उरत नाही, आणि त्याच्या जागी टिंबांचं वर्तुळ दिसतं. देवनागरीत मात्रा अक्षराचा भाग असते, म्हणून खूण अख्ख्या शब्दालाच लावायची, प्रत्ययासकट: `**पोर्तुगीजांनी**`. वहीशी तंतोतंत जुळत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही.

जुन्या फाइलमधले असे न मिटणारे स्टार टर्मिनलमध्ये शोधायला हे पुरतं:

```
grep -nP '[).%"”’]\*\*[अ-ह]' *.md
```

यात `"**ऑपरेशन` असे उघडणारे, बरोबर असलेले स्टारही सापडतात. ते डोळ्यांनी वगळायचे. शिवाय छापायला देण्यापूर्वी तयार पीडीएफमध्ये `**` शोधायचं. एकही सापडला तर फाइल दुकानात न्यायची नाही. फोनवर टाइप करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कीबोर्ड सुचवलेल्या शब्दामागे आपोआप जागा सोडतो, `**मुक्ती **` असं होतं, आणि स्टारच्या अगोदर मोकळी जागा आली की तेही मिटत नाहीत.

आता तीन खुणांचा हिशेब. सुरुवातीला माझं मत होतं की हायलाइटला हायलाइटच हवा, म्हणून `==मजकूर==` वापरावं. ऑब्सिडियनमध्ये ते पिवळं दिसतं, छान दिसतं. पण कॉमनमार्कमध्ये ही खूण नाही, दुसऱ्या बऱ्याच ॲपमध्ये फाइल उघडली की बरोबरची चिन्हं तशीच दिसतात. ब्राउझरमधून छापताना तर ‘Background graphics’ वर टिक केली नसेल तर पार्श्वभूमीचा रंगच छापला जात नाही, पट्ट्याची जागा कोरीच राहते. टिक केली आणि साध्या काळ्या छपाईला दिलं तर पिवळ्याचा फिकट करडा होतो. पिवळा दिसायलाच हवा तर रंगीत छपाई, आणि तिचे पैसे साध्या छपाईच्या कैक पट. तेव्हा मत बदललं. पिवळा पट्टा म्हणजे `**`. ठळक अक्षर काळ्या शाईत, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही टिकतं.

मग खालच्या रेघेला काय? ओळीच्या खाली `---` टाइप करायचा मोह होतो, तो टाळावा. मार्कडाउन वरची अख्खी ओळ मथळा करून टाकतं. `__मजकूर__` नंही रेघ येत नाही, तेही ठळकच होतं. रेघेसाठी एकेरी स्टार घ्यावा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो आणि ते वाचवत नाही. म्हणजे तिरप्याची जागा आपल्याकडे तशी रिकामीच आहे. स्टाइलशीटमध्ये एवढं घातलं की तीच रेघ होते:

```
em { font-style: normal;
     text-decoration: underline;
     text-underline-offset: 0.3em;
     text-decoration-skip-ink: none; }
```

शेवटच्या दोन ओळी गाळू नयेत. त्या नसतील तर रेघ उकाराच्या अंगावर जाते, आणि ब्राउझर प्रत्येक उकाराशी रेघ तोडतो. ‘मुरगूड’ सारखा शब्द तुटक्या रेघेवर उभा असल्यासारखा दिसतो. विरामचिन्ह आणि प्रत्ययाचा नियम एकेरी स्टारलाही तसाच लागतो.

चांदणी ही वेगळ्या जातीची खूण. पट्टा आणि रेघ कुठून कुठपर्यंत ते दाखवतात, चांदणी फक्त समासात बसते. ती त्या ओळीपुरती की अख्ख्या परिच्छेदाची, हे टाइप करतानाच ठरवावं लागतं. साधी पद्धत म्हणजे ज्या वाक्याशेजारी चांदणी आहे त्या वाक्याच्या सुरुवातीला `★` हे अक्षर ठेवायचं. कीबोर्डवरचा स्टार इथे चालत नाही. ओळीच्या सुरुवातीला एक स्टार आणि जागा आली की यादीचा ठिपका होतो. ‘फार महत्त्वाचं’ म्हणून काढलेल्या तीन चांदण्या `***` अशा स्वतंत्र ओळीत लिहिल्या, तर तिथे पानभर आडवी रेघ उमटते आणि चांदण्या जातात. `★` शोधून काढता येतो, हा मोठा फायदा: परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त चांदणीच्या ओळी वेगळ्या काढता येतात.

```
grep -h '★' *.md
```

हे चालण्यासाठी मात्र वाक्य एकाच ओळीत असलं पाहिजे, मध्ये एंटर नको.

वही समोर नसून तिच्या फोटोवरून टाइप करणार असाल, तर स्कॅनर ॲपचा काळा-पांढरा फिल्टर बंद करा. पिवळ्याची उजळता कागदाच्या इतकी जवळची असते की तो फिल्टर त्याला पांढऱ्यात ढकलतो. पट्टा राहतच नाही आणि राहिला नाही हे कळतही नाही. गुलाबी किंवा हिरवा पट्टा उलट काळवंडतो आणि खालची अक्षरं गिळतो. रंगीत फोटोतही जून-जुलैमध्ये दमट झालेल्या पातळ कागदातून मागच्या पानाचा पट्टा पुढे दिसतो. ओळखायची खूण अशी: पुढचा पट्टा शब्दाच्या सुरुवातीला सुरू होतो आणि शब्दाशी संपतो. मागून आलेला फिकट असतो आणि शब्दांच्या मध्येच कुठेही तुटतो. फोटो काढताना पानामागे काळा कार्डपेपर ठेवला की तो बराच दबतो.

एक उतारा पूर्ण करून दाखवतो. वहीत ‘गोवा मुक्ती (19 डिसेंबर 1961)’ आणि ‘30 मे 1987’ वर पिवळा पट्टा, ‘केंद्रशासित प्रदेश’ खाली रेघ, समासात पहिल्या वाक्याशी चांदणी:

```
★ **गोवा मुक्ती** (**19 डिसेंबर 1961**)नंतर गोवा, दमण व दीव हा *केंद्रशासित प्रदेश* झाला. **30 मे 1987** रोजी गोवा घटक राज्य बनले.
```

परिच्छेदच्या परिच्छेद पिवळा असेल तर ठळक करू नका. दोन स्टार रिकाम्या ओळीपलीकडे जातही नाहीत, प्रत्येक परिच्छेदात नव्यानं उघडावे-मिटावे लागतात. अशा ठिकाणी ओळीच्या सुरुवातीला `>` घालून उतारा आत घ्यावा आणि त्यातली एखादी तारीख तेवढी ठळक करावी.

अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवताना मात्र रूपांतर लागतं. तिथे ठळकला एकच स्टार, आणि आपला एकेरी स्टार, जो रेघेचा, तोही ठळक होऊन बसतो. पाठवायच्या प्रतीत अगोदर एकेरी स्टारच्या जागी `_` घालावं, तो तिथे तिरपा होतो, आणि मगच दुहेरीचे एकेरी करावेत. क्रम उलटा केला तर रेघ आणि पट्टा यांत फरक उरत नाही.