हार्डडिस्कचं हेड गेलंय म्हणून 24 हजार मागितले, डिस्क ठणठणीत होती

सांगलीला आमच्या वहिनी घरीच गणिताचे क्लास घेतात. सगळ्या प्रश्नपत्रिका, नोट्स, मुलांचे हिशोब आणि घरचे फोटो लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये. विंडोज फार स्लो झालं म्हणून त्यांनी लॅपटॉप जवळच्या दुकानात नवीन विंडोज टाकायला दिला आणि निघताना स्पष्ट सांगितलं की डी ला हात लावू नका. संध्याकाळी दुकानदाराचा फोन, मॅडम तुमच्या हार्डडिस्कचं हेड गेलंय, डी चा डेटा उडालाय, मुंबईच्या लॅबला पाठवावी लागेल, 24 हजार खर्च, त्यातले 6 हजार आत्ता ॲडव्हान्स. बिचाऱ्या घाबरल्या आणि 6 हजार ऑनलाइन पाठवले सुद्धा, वर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की डिस्क उघडून बघितली, आत खराबी आहे. तेव्हा वहिनींचा मला फोन आला, "भावजी, हेड म्हणजे काय असतं हो, आणि एवढे पैसे लागतात का?"

मी म्हटलं पुढचा एक रुपया देऊ नका आणि लॅपटॉप तसाच घरी आणा. कारण मला एकच प्रश्न पडला, हेड गेलंय तर त्याच डिस्कवर त्याने नवीन विंडोज टाकलं कसं? लॅपटॉपमध्ये डिस्क एकच, 1 टीबीची, आणि तो मस्त चालू होत होता. हेड म्हणजे डिस्कमधला डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, तो गेलेली डिस्क खटखट आवाज करते, नाहीतर दिसतच नाही, नाहीतर साइझ चुकीचा दाखवते. अर्धी डिस्क व्यवस्थित चालतेय आणि बरोबर डी एवढाच तुकडा गायब, असं हेड गेल्यावर होत नाही.

घरी जाऊन डिस्क बाहेर काढली. या डिस्कच्या झाकणाचा एक स्क्रू स्टिकरखाली असतो, डिस्क उघडायची तर तो स्टिकर फुटतोच, आणि इथे तो जसाच्या तसा होता, म्हणजे उघडून बघितली हे सरळ खोटं. मग यूएसबी अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला लावली, लॅपटॉपमध्येच चालू ठेवली असती तर विंडोज तिच्यावर काही ना काही लिहीत राहिलं असतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या CrystalDiskInfo मध्ये Good, खराब सेक्टरचे आकडे शून्य. आणि Disk Management उघडलं तर सी 195 जीबी आणि तिच्या पुढे काळी पट्टी, 735.00 GB Unallocated, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली जागा.

ती काळी पट्टी बघितली की काय झालं ते कळतं. विंडोज टाकताना पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची यादी येते, तिथे दुकानातल्या कोणीतरी डी वर Delete दाबलंय, मग लक्षात आल्यावर सी वर विंडोज टाकून दिलं आणि स्वतःची चूक डिस्कच्या माथी मारली. चूक होते हो माणसाकडून, त्याचा राग नाही, पण तीच चूक दुरुस्त करायचे 24 हजार मागायचे ही लबाडी आहे.

आता Delete दाबल्यावर नेमकं काय जातं ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच्यावर चालते. डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, कुठलं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कच्या कुठल्या छोट्या कप्प्यापासून कुठपर्यंत एवढंच त्यात लिहिलेलं. नव्या जीपीटी पद्धतीत एका पार्टिशनची नोंद फक्त 128 बाइटची, जुन्या एमबीआर मध्ये तर 16 च बाइट. Delete केलं की ती नोंद पुसली जाते, 735 जीबी डेटाला कोणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक जळत नाही, तसं आहे हे. शिवाय विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याची स्वतःची माहिती असते आणि तिची एक कॉपी पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये, त्यामुळे टूलला ते शोधता येतं.

मी हरवलेलं पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क वापरलं, फुकट आहे, काळ्या स्क्रीनवर कीबोर्डने चालतं, भीती वाटते पण अवघड नाही. testdisk_win.exe वर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, Create, मग साइझ बघून बरोबर डिस्क निवडायची (इथे घाई करू नका, स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क निवडली जाऊ शकते), पुढे EFI GPT ते स्वतःच सुचवतं, मग Analyse आणि Quick Search. थोड्या वेळात यादीत ही ओळ आली,

```
P MS Data   412116992 1953523711 1541406720 [DATA]
```

पहिला आकडा सुरुवातीचा सेक्टर, दुसरा शेवटचा, तिसरा एकूण सेक्टर. एक सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे 1541406720 ला 512 ने गुणून तीनदा 1024 ने भागा, बरोबर 735 जीबी येतात, काळ्या पट्टीएवढेच. हा हिशोब जुळवून बघाच, कारण वर्षांपूर्वीचं एखादं जुनं पार्टिशनही यादीत येऊ शकतं. मग त्या ओळीवर जाऊन P दाबलं, आणि वहिनींची सगळी फोल्डरं नावासकट समोर, दहावी भूमिती, सराव परीक्षा, सगळं. वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या, त्यांना बोलताच येईना.

तरी लगेच Write दाबलं नाही. तिथेच a ने सगळं निवडून मोठा C दाबून आधी सगळा डेटा दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केला, चार फायली उघडून बघितल्या, मगच Write आणि Y. Write ने पूर्ण तक्ता नव्याने लिहिला जातो, तेव्हा सी आणि EFI System या ओळींपुढेही P आहे ना हे बघायचं, D म्हणजे डिलीट, ते राहिलं तर तेही पार्टिशन जाईल आणि विंडोज चालू होणार नाही. डिस्क परत बसवून लॅपटॉप चालू केला, डी हजर.

हे जमलं कारण त्या मोकळ्या जागेत कोणी काही लिहिलं नव्हतं. तिथे New Simple Volume करून फॉरमॅट केलं असतं तर फायलींच्या यादीचा सुरुवातीचा भाग नव्या यादीखाली गेला असता, मग फोटो मिळतात पण f0412345.jpg असल्या नावांनी, फोल्डर नाहीत. दुकानदार असा ढीग देऊन पूर्ण पैसे घेतात, म्हणून आधीच विचारा की नावं आणि फोल्डर परत येणार का. एसएसडी असेल तर आशा कमी, तिथे ट्रिम नावाचा प्रकार मोकळी झालेली जागा खरोखर रिकामी करून टाकतो. आणि डिस्क खरंच खटखट करत असेल तर टेस्टडिस्क चालवूच नका, बंद करून ठेवा, तिथे लॅबच लागते.

दुकानदाराला फोन केला, स्टिकरबद्दल विचारलं तर म्हणाला साहेब पोराने चेक केली होती, मला माहिती नाही. 6 हजार परत द्यायला तयार नाही. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो, काळ्या पट्टीचा फोटो आणि "हेड गेलंय, ॲडव्हान्स पाठवा" हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, जो वहिनींनी डिलीट केला नव्हता.