साडेआठ महिन्यांनंतर: मोटर पुलीला टेपर लॉक बुश

आमच्या शॉपमधला पिस्टन कॉम्प्रेसर 7.5 किलोवॉट, 1440 आरपीएमच्या मोटरवर चालतो. शाफ्ट 38 मिमीचा आहे. आधी चावी आणि ग्रब स्क्रूची साधी पुली होती. ती दर तीन-चार महिन्यांनी खडखडायची, आणि काढली की शाफ्टवर लाल भुकटी दिसायची.

चावी मात्र कधी तुटली नाही. मोटरचा टॉर्क 9550 × 7.5 / 1440, म्हणजे सुमारे 50 न्यूटन-मीटर. एवढ्या टॉर्कने 10 मिमी रुंद, 32 मिमी लांब चावीवर येणारा कातरताण जेमतेम 8 न्यूटन प्रति चौरस मिमी असतो. खरा दोष बोअर आणि शाफ्टमधल्या सैलपणाचा होता. पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्यात टॉर्क वर-खाली होतो, पुली सूतभर मागेपुढे हलते आणि चावीच्या गाळ्याच्या कडा खाल्ल्या जातात. ग्रब स्क्रू एकाच बाजूने दाबतो, त्याने हे थांबत नाही.

मग 2012 नंबरचा टेपर लॉक बुश बसवला. यात दोन स्क्रू बुशला पुलीतल्या शंकूत ढकलतात, चिरलेला बुश आवळतो आणि शाफ्टला सगळीकडून पकडतो. पकड ठरते ती अशी:

```
T = μ × N × d / 2
```

T म्हणजे पकडीचा टॉर्क, μ म्हणजे घर्षणाचा गुणांक, N म्हणजे शाफ्टभोवतीचा एकूण दाब, d म्हणजे मीटरमधला व्यास. स्क्रू 30 न्यूटन-मीटरला आवळले की दोघांचा मिळून सुमारे 26 हजार न्यूटनचा रेटा मिळतो. शंकूच्या उतारामुळे तो काही पटींनी वाढतो. μ 0.12 धरला तर कागदावर 300 न्यूटन-मीटरच्या आसपास पकड येते. बुश आवळण्यातच काही जोर खर्च होतो, म्हणून मी निम्मीच मोजतो. तरीही ती चालू टॉर्कच्या तिप्पट आहे.

पहिल्याच आठवड्यात मात्र पुली सरकली. बुश, पुली आणि शाफ्टवर ओढलेली रंगाची रेघ तुटलेली दिसली. स्क्रू टॉर्क रेंचने बरोबर 30 लाच आवळले होते! जुनी चावी मीच घासून परत वापरली होती. तिचा माथा बुशच्या गाळ्याला टेकत होता, त्यामुळे सगळा जोर चावीवर जात होता आणि शाफ्टला पकड मिळतच नव्हती. चावी बाजूंनी घट्ट हवी, पण वर फट हवी. माथा घासल्यावर रेघ आजतागायत जुळलेली आहे.

बोअर, शाफ्ट आणि शंकू थिनरने पुसून कोरडे करा. तेल लागलंच तर स्क्रूच्या आट्यांपुरतं. शाफ्टवर तेल राहिलं तर पकड घटते. शंकूवर राहिलं तर त्याच टॉर्कला बुश जास्त आत जातो आणि बिडाची पुली तडकू शकते. आवळताना बुशवर ठोकणी ठेवून हळू ठोका आणि पुन्हा आवळा. अर्धा तास चालवून परत एकदा तपासा.

आवळताना पुली शाफ्टवर किंचित सरकते, म्हणून बेल्टची रेषा शेवटी बघावी लागते. हे मला अजूनही त्रासदायक वाटतं. काढणं मात्र सोपं: दोन्ही स्क्रू काढायचे, त्यातला एक तिसऱ्या भोकात आवळायचा की बुश सुटतो. पुलर लागत नाही. गेल्या महिन्यात बुश सोडला तेव्हा शाफ्ट स्वच्छ होता, लाल भुकटीचा कणही नव्हता.