राखेच्या विटांनी माझे ५५,८०० रुपये कसे खाल्ले: चंद्रपुरात घर बांधणाऱ्यांनी वाचाच

आधीच सांगते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. ही गोष्ट कळल्यापासून स्टाफरूममध्ये जे टोमणे ऐकते आहे ते पुरेसे आहेत, इथे आणखी नकोत. आणि वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेची वीट वाईट असते असंही मी म्हणत नाही. माझ्या जावेचं घर त्याच राखेच्या विटांचं आहे आणि त्याला ओरखडाही नाही. वाईट होता तो विकणारा.

साडेपाचशे चौरस फुटांचं घर. बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या साडेचार इंची. मिस्त्रीने हिशोब काढला साडेसात ब्रास बांधकामाचा. २३० × ११० × ७५ मिलिमीटरची वीट धरली तर तुटफूट पकडून ९,००० विटा. एका चांगल्या प्लांटचा भाव ७.५० रुपये, म्हणजे ६७,५००. हा माणूस म्हणाला ६.२०, म्हणजे ५५,८००. शिक्षिकेच्या पगारातून हप्ते भरणाऱ्या बाईने ११,७०० रुपये सोडून द्यायला हवे होते, असं म्हणणाऱ्याने माझं पासबुक बघावं.

बोलण्यात पटाईत होता. “ताई, लाल वीट तापते, राखेची थंड राहते, कूलरसुद्धा लागणार नाही.” पुराव्यादाखल एक रंगीत कागदही दाखवला. तो कागद एएसी ब्लॉकचा होता हे मला फार उशिरा कळलं. एएसी ब्लॉकमध्येही राख असते, पण तो हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हलका ठोकळा, ऊन अडवणारा. भरीव राखेच्या विटेची नऊ इंची भिंत लाल विटेच्या भिंतीपेक्षा तुम्हाला जाणवेल इतकी थंड नसते. एका मजल्याच्या घरात मे महिन्यात खरं तापतं ते डोक्यावरचं स्लॅब.

आता तो क्षण. पहिला ट्रक दिवेलागणीला आला. (नेहमी दिवेलागणीलाच येतात, लक्षात ठेवा.) विटा ओल्या आणि हाताला कोमट. उतरवताना हमालाच्या हातून एक वीट मुरमावर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले नाहीत, तिचा चुरा झाला. आत काळपट, जाडसर, कोळशाचे कण. मी तिथेच उभी होते. मिस्त्रीने चुरा बोटांत चोळला आणि म्हणाला, “मॅडम, ह्या विटेत दम नाही जी.” ड्रायव्हर लगेच म्हणाला, “काकू, ताजं पाणी मारलंय म्हणून नरम आहे. दोन दिवस ऊन लागू द्या, दगड होते.” ऊन लागू द्या! राखेची वीट उन्हाने नाही, पाण्याने घट्ट होते. सिमेंट किंवा चुन्याशी राखेची क्रिया सावकाश चालते, त्यासाठी वीट दोन-तीन आठवडे ओली राहावी लागते. आमच्याकडे ४५ अंशांत उघड्यावर रचलेला थर काही तासांत कोरडा होतो आणि ती क्रिया तिथेच थांबते. माझ्या विटा साच्यातून निघून चार-पाच दिवसही झाले नसावेत. वर सिमेंट कमी, आणि राखही वीज केंद्राच्या चिमणीजवळच्या हॉपरमधली कोरडी, बारीक नाही, तर तलावात सोडलेली जाडी. ती फुकटात मिळते. ट्रक परत पाठवायला हवा होता हे आता सगळे सांगतात. तेव्हा ६०,०००पैकी ४०,००० मी फोनवरून पाठवलेले होते, मिस्त्रीचे मजूर रोजावर बसलेले होते आणि शाळा उघडायच्या आत भिंती उभ्या करायच्या होत्या.

६०,००० कुठले, ५५,८०० म्हणायचं होतं. राग आला की आकडेही चुकतात. ४०,००० आधी, १५,८०० रोख, नंतर.

भिंती पुऱ्या व्हायच्या आतच विटा संपल्या. मिस्त्रीवर चोरीचा संशय घेतला, त्याची माफीही मागितली. मग टेप लावली. वीट २१५ × १०० × ७० निघाली. हातात धरली तर फरक कळत नाही, पण आकारमानात ती वीस टक्क्यांहून जास्त लहान. विटा लहान म्हणजे सांधे जास्त, सांधे जास्त म्हणजे सिमेंट-रेतीही जास्त. त्याच भावाने आणखी १,८०० विटा घ्याव्या लागल्या, ११,१६० रुपये. एकूण ६६,९६०. म्हणजे चांगल्या विटेच्या तुलनेत माझी बचत ५४० रुपये. नगावर भाव ठरवताना बिलावर माप लिहून घ्या. आणि दहा विटा लांबीत एकमेकींना चिकटवून ओळ करा, ती २ मीटर ३० सेंटीमीटर भरली पाहिजे.

प्लास्टर पावसाळ्याच्या आतच तडकलं. आधी जाळीसारखे बारीक तडे, मग पश्चिमेच्या भिंतीवर सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली मोठी भेग. कच्ची वीट भिंतीत गेल्यावर वाळते, आकसते आणि प्लास्टरला ओढते. उरलेली एक वीट पूर्ण वाळवून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली, २ किलो ३५०. चोवीस तास बादलीत बुडवली, ३ किलो १०. म्हणजे २८ टक्के पाणी प्यायली. भारतीय मानकात साधारण घरबांधणीच्या अशा विटेला २० टक्क्यांची मर्यादा आहे. ही तपासणी फुकट आहे, पैसे देण्याआधी करा. प्रयोगशाळेत दाबाची ताकद २.८ आली, त्याने दिलेल्या झेरॉक्स प्रमाणपत्रावर ७.५ होती. त्या प्रमाणपत्रावर तारीख तीन वर्षांपूर्वीची. पश्चिमेची भिंत पाडून पुन्हा बांधायला ३८,००० गेले.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, “हा दिवाणी मामला आहे.” मानकांच्या कार्यालयात सांगितलं, त्या विटेवर आमचा शिक्का नाही, मग आमचा संबंध काय? राख जिथून जाते तिथे विचारलं, तर राख आमची, वीट आमची नाही. महापालिकेत बाईंनी फाईल हातातही घेतली नाही, म्हणे बांधकाम परवान्यात विटेचा रकाना नसतो. एका साहेबांनी तर मलाच विचारलं, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?” शिकलेल्या बाईला फसवलं तर गुन्हा कमी होतो का? की शिक्षणाची शिक्षा म्हणून पैसे बुडतात? कुणालाही विटेचा कारखाना काढता येतो, कुणीही कुणाचंही प्रमाणपत्र दाखवतं, आणि तपासायचं कोणी? गिऱ्हाइकाने, बादली घेऊन.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घेतली गेली, तेवढं खरं. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून दहा-बारा विटा भिंतीत न घालता बाजूला ठेवा. पण माझं गाडं अडलंय ते पावतीवर. जीएसटी वाचतो म्हणून त्याने कच्चं बिल दिलं. बिलावरचं नाव एक, फोनवरून पैसे गेले त्या खात्याचं नाव दुसरं. “मामाचं खातं आहे ताई.” पहिली नोटीस पत्त्यावर कोणी नाही म्हणून परत आली. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मामा असो की काका.

विटा घ्यायच्याच तर दिवाळीनंतर घ्या, आपल्या प्लॉटवर रचा, गोणपाट टाकून रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारा. दोन कोरड्या विटा एकमेकींवर आपटा, टण्ण वाजल्या पाहिजेत. नखाने रेघ पडली की ट्रक फिरवा.

गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत तसाच ट्रक उभा होता, भाव ६ रुपये, बोर्डावरचं नाव नवीन. मी घरून टेप नेऊन दहा विटांची ओळ लावून दाखवली. २ मीटर १५. घरमालक बघत राहिले, मग म्हणाले, “पण मॅडम, पैसे तर कालच पाठवले.”